यंत्राच्या तळाशी खरकटे पाणी साचते तेव्हा



भांडी धुण्याचे यंत्र, म्हणजे डिशवॉशर, आता आपल्यापैकी काहींच्या घरी हप्त्यांवर आले आहे. त्याहून जास्त भगिनींना ते कामाच्या घरी हाताळावे लागते. भांडी धुऊन झाली म्हणून दार उघडावे, तर तळाशी तेलकट, वास मारणारे पाणी साचलेले. मग बोल लागतो तो भांडी लावणाऱ्या बाईला. ठाण्याच्या एका सोसायटीत काम करणाऱ्या आमच्या वाचक भगिनीला हेच ऐकावे लागले. "तू खरकटे तसेच ठेवतेस," असे म्हणून मेकॅनिकचे पैसे तिच्या पगारातून कापण्यापर्यंत गोष्ट गेली. म्हणून या वेळी आम्ही हा बिघाड नीट समजावून सांगत आहोत.

यंत्रातले पाणी भांड्यांवरून तळाशी येते. तिथे जाळीचा फिल्टर असतो. खरकटे जाळीत अडकते आणि पाणी खालच्या खळग्यात उतरते. तिथून पंप ते मागच्या नळीने सिंकच्या पाइपात ढकलतो. जाळी तुंबली किंवा नळी मुडपली, तर पाणी आतच राहते. जाळीखालच्या खळग्यात थोडे स्वच्छ पाणी नेहमीच राहते, तो बिघाड नव्हे. घाण पाणी जाळीच्या वर दिसले तरच काळजी करावी.

आधी बटण बंद करून प्लग काढावा. यंत्र नुकतेच चालले असेल तर पाणी निवू द्यावे. खालची जाळीदार ट्रे बाहेर काढावी. मग फिल्टर डावीकडे फिरवून वर उचलावा. इथेच पहिली खूण मिळते. फिल्टर काढताच वरचे पाणी झटकन खाली उतरले, तर दोष जाळीचा. खळगाही काठोकाठ भरलेला असेल, तर पाणी पुढे जातच नाही असे समजावे आणि नळीकडे वळावे.

साचलेले पाणी वाटीने आणि फडक्याने काढून घ्यावे. फिल्टर कोमट पाण्यात साबण लावून जुन्या दातांच्या ब्रशने घासावा. तारेची घासणी वापरू नये, जाळी फाटते. खळग्यात हात घालताना हातमोजा घालावा, कारण फुटलेल्या काचेचा तुकडा तिथेच जाऊन बसतो. फिल्टर परत बसवताना उजवीकडे फिरवून घट्ट करावा. सैल राहिला तर खरकटे थेट पंपात जाते.

त्या भगिनीने फिल्टर काढला तेव्हा त्यात कणकेचा चिकट थर, मोहरी आणि कोथिंबिरीच्या काड्या निघाल्या. तो धुऊन यंत्र थोडा वेळ चालवले. पंपाची घरघर ऐकू आली, पण सिंकच्या पाइपात पाणी पडल्याचा आवाज आला नाही. ही दुसरी खूण. पंप चालतो आणि पाणी जात नाही, म्हणजे वाट पुढे बंद आहे. प्लग काढून यंत्र पुढे ओढले, तर मागची नळी भिंतीत दबून चक्क दुमडली होती. आठवड्यापूर्वी झुरळांच्या औषधासाठी यंत्र हलवले होते आणि परत ढकलताना नळीकडे कुणी पाहिले नव्हते. नळी सरळ करताच पाणी खळखळत गेले. जाळीत कणीक होती हे खरे, पण पाणी अडले होते ते नळीपाशी. पगार कापण्याची गोष्ट तिथेच मिटली.

नळी जमिनीवरून सरळ सिंकच्या पाइपाकडे नेऊ नये. तिला आधी वर चढवून मग पाइपात सोडावे. ही उंची साधारण 40 सेंटीमीटर ते 1 मीटर असते. आपल्या यंत्राचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. नळी खालीच राहिली तर सिंकचे घाण पाणी यंत्रात उलटे येऊ शकते. सिंकमधले पाणीही हळू जात असेल, तर आधी सिंकचा पाइप साफ करावा.

एवढे करूनही पाणी राहिले, किंवा पंपाचा आवाजच आला नाही, तर मात्र मेकॅनिकला बोलवावे. पंप स्वतः उघडू नये. गटार मोकळे करण्याची पावडर किंवा अ‍ॅसिड यंत्रात कधीच ओतू नये. रबर आणि पंप दोन्ही खराब होतात.

यापुढे ताटातले उष्टे आधी कचऱ्याच्या डब्यात झटकावे. कणकेची परात हाताने पुसून मगच यंत्रात ठेवावी, कारण भिजलेली कणीक जाळीवर लुकणासारखी बसते. फिल्टर आठवड्यातून एकदा धुवावा. आणि यंत्र भिंतीकडे सरकवताना एकाने ढकलावे, दुसऱ्याने नळी हातात धरावी.