दोष एकाच रकान्यात का?

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांना मुंबईचा महामार्ग नवा नाही. लग्नकार्य, मुंज, पुण्या-मुंबईचे नातेवाईक, कोकणातले कुलदैवत, कशासाठीही निघालो तरी भरूच, सुरत, वापी ओलांडून याच रस्त्याने जावे लागते. त्याच रस्त्यावर पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी उद्योगपती सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईकडे परतत असताना त्यांची मोटार या पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडीत चौघे होते. मागच्या आसनावरील मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले, पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले.

त्यानंतर काही दिवस एकच चर्चा चालली: चूक कोणाची? आमचे म्हणणे असे की हा प्रश्न चुकीचा नसला तरी अपुरा आहे. विल्यम हॅडन हे अमेरिकेतील डॉक्टर १९६६ साली तिथल्या महामार्ग सुरक्षेच्या सरकारी कार्यालयाचे पहिले प्रमुख झाले. त्यांनी एक साधा तक्ता मांडला. आडव्या ओळी तीन: धडकेपूर्वी, धडकेच्या क्षणी, धडकेनंतर. उभे रकाने तीन: माणूस, वाहन, रस्ता व परिसर. असे नऊ खाने झाले. पुढे कायदा, दंड, समाजाच्या सवयी यांसाठी चौथा रकानाही जोडला गेला. अपघात झाला की प्रत्येक खान्यात विचारायचे, इथे काय करता आले असते? चारोटीचा अपघात या तक्त्यात मांडून पाहू.

पहिली ओळ, धडकेपूर्वीची. माणसाच्या खान्यात वेग येतो. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या अहवालानुसार ब्रेक लागण्यापूर्वी गाडी ताशी सुमारे १०० किलोमीटरने धावत होती आणि आदळताना वेग ८९ होता. शेजारच्या रस्त्याच्या खान्यात काय दिसते? पुलापाशी तीन मार्गिकांच्या दोन होतात आणि पुलाचा काँक्रीटचा कठडा रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात पुढे आलेला होता, असे तज्ज्ञांच्या पाहणीत आढळल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. म्हणजे सरळ चालणाऱ्याच्या वाटेत अचानक भिंत. चालकाने क्षणभर चूक केली तरी रस्त्याने ती पोटात घालायला हवी होती. इथे रस्त्यानेच ती प्राणघातक केली.

दुसरी ओळ, धडकेचा क्षण. हॅडन यांचे खरे सांगणे इथे आहे: माणसाला जखम करते ती गतीची ऊर्जा, आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८९ किलोमीटरने थांबणे म्हणजे सुमारे ३१ मीटर उंचीवरून, साधारण दहा मजली इमारतीवरून, खाली पडणे. वेग ५० असता तर तीच उंची दहा मीटर, म्हणजे तीन मजले झाली असती. ब्रेकने १०० वरून ८९ वर आणले तेव्हा जवळपास एक पंचमांश ऊर्जा कमी झाली. तेवढे पुरले नाही.

ऊर्जा कमी करता येत नसेल तर ती सावकाश खर्च करावी लागते. गाडीचे नाक चुरगाळत थांबते तेव्हा पट्टा बांधलेला माणूस गाडीबरोबरच थांबतो, आणि पट्टा तो धक्का छाती व कमरेच्या मजबूत हाडांवर पसरवतो. पट्टा न बांधलेल्याचे शरीर मात्र आधीच्याच वेगाने पुढे जात राहते आणि समोरच्या आसनावर काही सेंटिमीटरमध्ये थांबते. मागच्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते. मागचा माणूस असा पुढे फेकला गेला की पुढच्या आसनावर बसलेल्यालाही मारतो. म्हणून मागे पट्टा बांधणे ही केवळ स्वतःपुरती बाब नाही. आपल्याकडे ‘मागे बसलोय, काय होणार’ म्हणून आजी-आजोबांना आणि मुलांना पट्ट्यावाचून बसवतात. त्यांना हा हिशेब सांगावा. हवेची पिशवी पट्ट्याची जागा घेत नाही, ती पट्ट्याला जोड म्हणूनच बनवलेली असते.

याच ओळीत रस्त्याचा खाना बहुधा रिकामा सोडला जातो. कठड्याच्या टोकाशी धडक झेलून चेपणारे अडसर बसवता येतात. ते अपघात टाळत नाहीत, पण भिंतीवर होणारी धडक सौम्य करतात. वाहनाच्या खान्यात मागच्या पट्ट्याची आठवण देणारा गजर येतो. मागच्या आसनावर पट्टा बांधण्याचा नियम तर अपघाताच्या आधीपासून होता, मोटार वाहन कायद्यात हजार रुपये दंडही होता. पण कोणी विचारत नव्हते. चौथ्या रकान्याची गोम ही: कागदावर भरलेला, रस्त्यावर मोकळा.

तिसरी ओळ, धडकेनंतरची. जखमींना वापीच्या आणि पुढे मुंबईच्या रुग्णालयात हलवले गेले. मागच्या दोघांसाठी या ओळीत फारसे काही उरले नव्हते. एवढ्या ऊर्जेच्या माऱ्यानंतर उत्तम रुग्णवाहिकाही हरते. पण बहुतेक अपघात इतके भीषण नसतात. तिथे रक्तस्राव दाबून धरणे, मान न हलवता उचलणे, पहिल्या तासात योग्य ठिकाणी पोचवणे, यावर जीव ठरतो. पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने हात आखडण्याचे कारण आता राहिलेले नाही. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण आहे. २०२५ पासून नेमलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोख उपचार मिळण्याची योजनाही आहे. महामार्गावर १०३३ आणि एरवी ११२ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत.

तक्त्याला मर्यादाही आहे. कोणता खाना आधी भरावा, कशात पैसा कमी आणि जीव जास्त वाचतील, हे तो सांगत नाही. ते माहिती गोळा करूनच ठरवावे लागते. पण एक गोष्ट तो नक्की दाखवतो. आपल्याकडे अपघाताची फिर्याद होते, ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ एवढे लिहिले जाते आणि नऊपैकी एकाच खान्यात सगळी रक्कम नावे टाकून खाते बंद होते. रस्त्याच्या रचनेत निष्काळजी करणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा ठेकेदाराला कायद्याच्या कलम १९८-अ नुसार एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे कितींना ठाऊक आहे?

आणखी एक. सरकारी व्याख्येप्रमाणे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे पाच अपघात झाले, अथवा दहा जण दगावले, की ती जागा ‘काळा ठिपका’ ठरते. म्हणजे आधी माणसे मोजायची, मग रस्ता दुरुस्त करायचा. पुढे आलेला कठडा मात्र एकही मृत्यू होण्याआधी डोळ्यांनी दिसतो.

म्हणून येत्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना आमचे विचारणे नेमके आहे. खासदारांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठका होतात का, आणि त्यांचे इतिवृत्त पाहायला मिळेल का? प्राणघातक अपघातानंतर पोलिसांच्या पंचनाम्यासोबत रस्त्याच्या अभियंत्याचा अहवाल जोडला जातो का? आपल्या भागातून महामार्गावर चढणाऱ्या पुलांच्या, वळणांच्या आणि दुभाजकांच्या टोकांची पाहणी कधी झाली? वाचकांनी आपल्या रोजच्या वाटेवरील अशा जागा मंडळाच्या कार्यालयात लिहून कळवाव्यात. ती यादी आम्ही नऊ खान्यांत मांडून समितीकडे लेखी देऊ, आणि उत्तर आले की नाही ते याच पानावर छापू.