देवबागची वाळू

मालवणच्या दक्षिणेस देवबाग नावाचे गाव आहे. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस कर्ली नदीची खाडी आणि मध्ये वाळूची एक लांबट जीभ. त्या जिभेवरच घरे आणि माडांच्या बागा आहेत. सह्याद्रीकडून आलेली कर्ली समुद्राजवळ पोहोचून दक्षिणेस वळते आणि जिभेच्या टोकाला वळसा घालून मग समुद्रास मिळते. तिची वाट अडवणारी ही जीभ लाटांनी घडवली आहे.

लाट किनाऱ्याला बहुधा थोडी तिरपी भिडते. तिच्याबरोबर वाळूचा कण तिरपा वर चढतो; पाणी परतते तेव्हा तो उताराने सरळ खाली येतो. म्हणजे मूळ जागेपासून थोडा बाजूला सरकतो. दहा सेकंदांना एक लाट धरली तरी दिवसाला साडेआठ हजारांवर लाटा होतात! नदीच्या मुखाशी किनारा संपला की ही चालती वाळू खोल, संथ पाण्यात पडते आणि जीभ वाढते. नदीच्या लोटामुळे मुख उघडे राहते, पण तिथेही पाण्याखाली वाळूचा दांडा साचतोच. होडीवाले त्याला जपून असतात.

मुखापलीकडे भोगवे-निवतीकडे खडकाळ टेकड्या पुढे आल्या आहेत. अशा खडकाच्या पायथ्याशी लाट भेगांत हवा कोंडते, दगड आपटते आणि खाच पाडते. खाच खोल गेली की वरचा भाग कोसळून उभा कडा उरतो. पुढे आलेल्या टोकाला दोन्ही बाजूंनी गुहा पडून त्या आरपार मिळाल्या, की कमान होते; कमानीचे छत पडले की समुद्रात एकटा सुळका राहतो.

वाळूचे मात्र तसे नाही. पावसाळ्यातल्या उंच लाटा किनाऱ्याची वाळू ओढून थोड्या अंतरावर पाण्याखाली बांधासारखी रचतात. पुढच्या लाटा त्या बांधावरच फुटतात, म्हणून किनाऱ्यावरचा मारा कमी होतो. पाऊस सरल्यावर संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. तेव्हा श्रावणात पुळण खचलेली दिसली म्हणून ती कायमची गेली असे नाही. फेब्रुवारी-मार्चपर्यंत ती भरली नाही, माडांची मुळे उघडीच राहिली आणि दर वर्षी कापलेली पायरी घराकडे सरकू लागली, तर मात्र धूप खरी समजावी.

अशा वेळी दगडी बंधारा मागची जमीन राखतो, पण त्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उकरते, आणि बंधारा संपतो तिथे शेजाऱ्याची जमीन कापू लागते. ओढ्याच्या वळणावर एका बाजूला दगड रचले की पुढचा काठ ढासळतो, तसेच हे. खाडीच्या मुखाशी वाळू उपसण्याचेही तेच. तिथे पडलेला खड्डा लाटा भरून काढतात, आणि त्यासाठी लागणारी वाळू त्या शेजारच्या पुळणीतूनच ओढून आणतात.