पत्ता हडपसरचा, मतदारसंघ पुरंदर

फुरसुंगीतल्या एका सोसायटीच्या फलकावर या आठवड्यात सूचना लागली: मतदार नोंदणीचा अर्ज भरताना सर्वांनी 'हडपसर' मतदारसंघ निवडावा. पत्त्यात हडपसर लिहितात, म्हणून मतदारसंघही हडपसर, एवढाच तिचा आधार. संतापच आला. ही सोसायटी पुरंदर मतदारसंघात येते.

पिनकोडवर विसंबू नका, हे इथे अनेकदा लिहिले आहे. पण पालिका आणि तालुकाही किती फसवतात, हे फुरसुंगीइतके स्पष्ट क्वचितच दिसते. हे गाव २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आले. पुढे ते वगळून उरुळी देवाचीसह स्वतंत्र नगरपरिषद झाली. घरपट्टीच्या पावतीवरचे नाव दोनदा बदलले, मतदारसंघ मात्र तसूभरही हलला नाही. तालुका हवेली, तरी आमदार पुरंदरचा. एवढेच नव्हे, पुरंदर बारामती लोकसभेत आणि शेजारचे हडपसर शिरूरमध्ये, म्हणजे खासदारही वेगळा.

कारण सरळ आहे. विधानसभेच्या हद्दी २००८ च्या परिसीमन आदेशाने ठरल्या, तेही २००१ च्या जनगणनेवर. ग्रामीण भागात त्या आदेशाची भाषा महसूल मंडळ आणि तलाठी सजा यांची आहे. त्यानंतर पालिकेने हद्द वाढवली काय, घटवली काय, विधानसभेची रेघ तिथेच राहते. बिल्डर जाहिरातीत जवळच्या मोठ्या उपनगराचे नाव घालतात आणि तेच पुढे पत्त्यात रुजते. ही खोड बंद झाली पाहिजे, हे मी पुन्हा पुन्हा लिहीत राहणार.

मग घर कुठल्या मतदारसंघात, हे कसे पाहायचे? आधी इंडेक्स टू काढा. त्यावर महसुली गाव आणि सर्व्हे किंवा गट नंबर असतो, तोच खरा धागा. मग त्याच इमारतीत किंवा लगतच्या इमारतीत राहणाऱ्या, याच पत्त्यावर नाव असलेल्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांक electoralsearch.eci.gov.in वर टाका. मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि मतदान केंद्र समोर येते. भाडेकरू शेजारी चालणार नाही, त्याचे नाव बहुधा जुन्या पत्त्यावरच असते. शेवटी त्या भागाची यादी उघडा. पहिल्याच पानावर भागात येणाऱ्या वस्त्या, रस्ते, सोसायट्या छापलेल्या असतात. इमारत नवी असेल तर तिचे नाव तिथे सापडणार नाही. तेव्हा गाव आणि आजूबाजूची वस्ती जुळवा आणि त्या भागाच्या बीएलओकडून खात्री करून घ्या.

चुकीचा मतदारसंघ निवडला तर अर्ज भलत्याच नोंदणी अधिकाऱ्याकडे जातो. त्याच्या हद्दीत तुमचे घर नसल्याने तो फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त, आणि हे कळेपर्यंत नोंदणीची मुदत टळून गेलेली असते.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनो, ती सूचना आजच उतरवा. तिच्या जागी आपल्या यादी भागाचे पहिले पान छापून लावा.