जतचा आकडा आला कुठून?

परवा आमच्या एका इंटर्नने गावातल्या बैठकीसाठी तयार केलेलं माहितीपत्रक माझ्यासमोर ठेवलं. विषय होता महिलांमधला रक्तक्षय. भाषा सफाईदार होती, एकही चूक नाही. दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य होतं: जत तालुक्यातील १५ ते ४९ वयाच्या ६१.८ टक्के महिलांना ॲनिमिया आहे. त्याखाली दोन संदर्भ होते, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी आणि ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातला २०१९ चा एक लेख, खंड ४०२.

“अरे, हा तालुक्याचा आकडा कुठून आणलास?” मी विचारलं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, “सर, एआयकडून लिहून घेतलं.”

मला शंका आली ती भाषेमुळे नव्हे. या सर्वेक्षणाचे आकडे जिल्ह्यापर्यंतच मिळतात. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतली सुमारे ६ लाख ३७ हजार घरं घेतली, म्हणजे जिल्ह्यामागे साधारण नऊशे. सांगलीत दहा तालुके आहेत, तेव्हा एका तालुक्याच्या वाट्याला सरासरी नव्वद घरं आली. साताऱ्यात तालुके अकरा, म्हणजे तिथे त्याहून थोडी कमी. एवढ्या थोड्या महिलांच्या तपासणीवरून टक्केवारी काढली तर ती दहा-दहा टक्के वर-खाली होऊ शकते. म्हणून सर्वेक्षण करणारे तालुक्याचा आकडा देतच नाहीत, मग दशांशचिन्हानंतरचे ‘आठ’ सांगण्याचा प्रश्नच येत नाही. बनावट आकडा बहुतेकदा असाच पकडला जातो: मोजणाऱ्याला जितकं बारीक मोजता येत नाही, त्याहून तो बारीक असतो.

दुसरा संदर्भ आणखी लवकर उघडा पडला. ‘लॅन्सेट’चे वर्षाला दोन खंड निघतात. २०१९ चे खंड ३९३ आणि ३९४, तर ४०२ हा २०२३ च्या उत्तरार्धाचा. लेखाचं शीर्षक पबमेडवर शोधलं, सापडलं नाही. लेखासोबत १० ने सुरू होणारा डीओआय क्रमांक दिला होता. तो doi.org वर टाकला, तर भलत्याच विषयाचा लेख उघडला. गंमत म्हणजे लेखकांमधलं एक नाव खरं होतं, त्या व्यक्तीचं काम ॲनिमियावरच आहे.

माणसाची चूक आणि यंत्राची चूक यांतला फरक नेमका इथे दिसतो. माणूस घाईत पान क्रमांक चुकवतो, वर्ष एकाने पुढे-मागे करतो, पण लेख कुठेतरी असतो आणि थोडं शोधलं की हाती लागतो. यंत्राच्या संदर्भात लेखक खरा, नियतकालिक खरं, शीर्षक पटण्याजोगं, फक्त लेखच नसतो. कारण ते कपाटातून कागद काढत नाही, अशा वाक्यानंतर सहसा कोणते शब्द येतात ते जुळवत जातं. २०२३ मध्ये काही संशोधकांनी चॅटजीपीटीकडून छोटे वैद्यकीय लेख लिहून घेतले आणि त्यातले ११५ संदर्भ तपासले. ४७ टक्के पूर्ण बनावट निघाले, ४६ टक्के लेख खरे होते पण तपशील चुकीचे. बरोबर होते फक्त ७ टक्के.

नव्या यंत्रणा आधी इंटरनेटवर शोधून मग लिहितात, त्यामुळे निव्वळ काल्पनिक लेख आता कमी दिसतात. त्यांच्या जागी जास्त अवघड प्रकार आला आहे: लेख खरा, दुवा उघडतो, पण सांगितलेलं वाक्य त्यात नसतं. हे पकडायला सारांश तरी वाचावाच लागतो, आणि ओपीडी संपल्यावर तेवढा वेळ कुणाकडे असतो म्हणा! शिवाय खोटा संदर्भ दिसला म्हणजे यंत्रच दोषी, असंही नाही. एकमेकांच्या यादीतून न वाचता उतरवून घेण्याची सवय आमच्या पेशात फार जुनी आहे.

हा प्रकार दवाखान्यापुरता नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले न्यायनिवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयने दिलेलं उत्तर पडताळून मगच वापरा, असं न्यायालयाने बजावलं. तिथे समोरच्या पक्षाकडे वकील होता, त्याने ते निवाडे शोधले. जतच्या बैठकीत आशाताई आणि सरपंच बसतात. ६१.८ हा आकडा तिथून ग्रामपंचायतीच्या ठरावात जातो, ठरावातून लोहाच्या गोळ्यांच्या मागणीपत्रात, आणि वर्षभराने कुणीतरी तोच ठराव पुरावा म्हणून दाखवतं.

इंटर्नने ते वाक्य काढलं. त्या जागी सांगली जिल्ह्याचा आकडा घातला, तोही सर्वेक्षणाच्या जिल्हापत्रिकेत स्वतः पाहून. बाकी सहा संदर्भ तपासायला त्याला दुपार लागली. त्यातले दोन उरले.