टोमॅटोला फुलं भरपूर, मग फळ का धरत नाही? पॉलिहाऊसमधल्या रात्रीचं गणित

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरी पार गेला, तेव्हा अनेकांनी पावसाकडे बोट दाखवलं. पण त्याआधीचा उन्हाळाही विसरून चालत नाही. टोमॅटोचं फूल उन्हाला किती नाजूक असतं, हे कोल्हापूरच्या शिरोळ-हातकणंगले भागात मार्च-एप्रिलमध्ये पॉलिहाऊसमध्ये डोकावलं की कळतं. झाड हिरवंगार, घोस फुलांनी भरलेले, आणि खाली मात्र पिवळ्या फुलांचा सडा.

टोमॅटोला दिवसा साधारण २१ ते २८ अंश आणि रात्री १५ ते २० अंश तापमान मानवतं. दिवसा पारा ३२-३५ च्या वर राहिला किंवा रात्री २१-२२ च्या खाली उतरलाच नाही, तर फळधारणा घसरते. थंडीचीही अडचण आहेच. रात्री १२-१३ अंशांखाली परागकण नीट तयार होत नाहीत.

आता कोल्हापूरचा हिशेब मांडू. समजा मार्चअखेरीस बाहेर दुपारी ३६ आणि पहाटे २० अंश आहे. आतली हवा कोंडल्याने दुपारी ४० होते. दिवस-रात्रीची ढोबळ सरासरी ३०. सरासरी २५-२६ च्या वर गेली की फळधारणा कमी होऊ लागते, म्हणजे इथे रात्र चांगली असूनही दुपारनं घात केला. शेडनेट ओढून आणि फॉगर चालवून दुपार ३३ वर आणली, तर सरासरी साडेसव्वीस होते. पूर्ण सुटका नाही, पण बरीच फळं वाचतात. डिसेंबरात हाच प्रश्न जवळपास उरत नाही.

खरी गंमत वेळेची आहे. परागकण फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधीच, कळीत घडत असतात, आणि उष्णतेचा फटका त्यांना तिथेच बसतो. त्यामुळे आज फूल गळालं तर आजचा पारा बघून उपयोग नाही, गेल्या आठवड्याची नोंद काढावी लागते. आज फॉगर लावला, तरी फरक दिसायला तेवढेच दिवस जातात.

ओळखायचं कसं? उष्णतेनं बिघडलेल्या फुलात मधली कुक्षी पुंकेसरांच्या नळीबाहेर डोकावते, देठाचा सांधा पिवळा पडतो आणि फूल तिथूनच सुटतं. पारा ठीक असूनही फुलं गळत असतील, तर परागीभवन तपासावं. आत वारा नसतो, मधमाशाही नसतात. म्हणून सकाळी दहा-अकराच्या सुमारास, फुलं कोरडी असताना, झाडं बांधलेल्या तारेला हलके धक्के द्यावे लागतात. फॉगर त्यानंतर, नाहीतर दमट हवेत पराग चिकटून बसतो.

आणि थर्मामीटर दाराजवळ नको. तो मधोमध, फुलांच्या उंचीवर, सावलीत टांगलेला हवा. दाराजवळचा आकडा हमखास कमीच दिसतो.