ढेप वजा केली म्हणजे हिशोब झाला काय?

परवा शेजारचे काका म्हणाले, "लेका, लिटरमागं सात रुपये उरतात ना, मग रडतं कायले?" त्यांचा हिशोब सोपा होता. गाय दिवसाला ८ लिटर देते, १८५ रुपयांचं खाते, म्हणजे लिटरला २३ रुपये. दूध जाते ३० नं. सात उरले.

आपल्या इकडं बहुतेक गोठ्यांत हिशोब असाच होते. पण हा दुभत्या दिवसाचा हिशोब आहे. गाय काही रोज दूध देत नाही, खाते मात्र रोज. म्हणून मी माझ्या एका संकरित गाईचा हिशोब या वितापासून पुढच्या वितापर्यंत मांडला. १४ महिने, म्हणजे ४२५ दिवस. त्यात दूध ३०० दिवस, सरासरी ८ लिटर, एकूण २४०० लिटर. उरलेले १२५ दिवस भाकड.

दुभत्या दिवशी २ किलो सरकी ढेप ७२ रुपये, २ किलो पशुखाद्य ६० रुपये, ८ किलो कुटार-कडबा ४८ रुपये, खनिज मिश्रण ५ रुपये. झाले १८५. भाकड दिवसात ढेप-खाद्य निम्मं केलं तरी ११९ लागतात. ३०० दिवसांचे ५५,५०० आणि १२५ दिवसांचे १४,८७५ मिळून ७०,३७५ रुपये. भागिले २४०० लिटर. नुसता चारा-खुराकच २९ रुपये ३० पैसे! काकांचे सात रुपये इथंच संपले.

कुणी म्हणेल कुटार तर घरचंच आहे. आहे, पण ते विकलं तर पैसे येतात, म्हणून त्याची किंमत धरावीच लागते. शिवाय पूर्णाकाठचा आपला हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे उन्हाळ्यात हिरवा चारा पिकवता येत नाही. ज्वारी जाऊन सोयाबीन आलं, तसा कडबाही गेला. हिरव्याची कसर आपण ढेपीनं भरतो. ढेप वाढली की लिटरचा खर्च त्याच आठवड्यात वाढते, दुधाचा भाव मात्र तिथंच राहते.

आता मजुरी. एका गाईमागं रोज दीड तास जाते. शेण काढणं, पाणी, वैरण, दोन वेळचं दूध. हे काम माझी आई नि घरची करतात, म्हणून वहीत कधी लिहिलंच नाही. आठ तासाची ३०० रुपये मजुरी धरली तर दिवसाचे ५६, म्हणजे ४२५ दिवसांचे जवळपास २४,००० रुपये. लिटरला १० रुपये. त्याच वावरात निंदाले गेल्या असत्या तर रोख मिळाले असते.

औषधपाण्याचे ४,५०० गेले. रेतन, जंताचं औषध आणि एकदा दगडी झाली तिचा इलाज. लिटरला १ रुपया ९० पैसे. शेणखताचे ५,००० उलट जमा धरले. एकूण बसते लिटरला ३९ रुपये. यात गाईची किंमत, गोठा, कर्जाचं व्याज काहीच नाही.

इथं एक गोष्ट मला उशिरा समजली. औषधाचं बिल लहान दिसते, पण मोठा खर्च बिलात नसतेच. दगडीच्या इंजेक्शनपेक्षा त्या पाच-सहा दिवसांचं फेकलेलं दूध महाग पडते. आणि माज चुकला तर गाय २१ दिवस मागं जाते. ते दिवस भाकडात वाढतात. चारा नि मजुरी मिळून साडेतीन हजारांच्या वर, म्हणजे लिटरमागं दीड रुपया. म्हणून पैसे वाचवायला खनिज मिश्रण बंद करू नका. सकाळ-संध्याकाळ सोट पाहा, माजाची तारीख भिंतीवर लिहा, रेतन वेळेवर करा. आपल्या हातात एवढंच आहे.

बाकीचं सरकारच्या हातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं गाईच्या दुधाला २८ रुपये भाव नि ७ रुपये अनुदान ठरवलं होतं. म्हणजे ३५. माझ्या हिशोबात तरी चार रुपये कमीच होते. तेही दूध डेअरीला घालणाऱ्याले, गाईच्या कानात बिल्ला नि आधारला जोडलेलं खातं असलं तरच होतं. हॉटेलात नि घरोघरी रतीब घालणारे आपले कितीतरी लोक त्यात बसलेच नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. भाव ठरवताना वितापासून वितापर्यंतचा खर्च धरा, त्यात घरच्या बाईची मजुरी धरा, आणि ढेपीचा भाव बदलला की दुधाचाही बदला. पण मागायच्या आधी आपल्या वहीत तरी तो खर्च लिहिलेला पाहिजे. ढेप वजा करून "सात उरले" असं आपणच सांगत फिरलो, तर समोरचा ३९ कायले मानेल?

तुमच्या गाईचे भाकड दिवस किती निघतात नि लिटर कितीत पडते, खाली लिहा. मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट, कुठलेही असा. आकडे जुळवून पाहू.