नाकारता न येणारी भेट

ईदच्या सकाळी गुस्ल, स्वच्छ कपडे आणि अत्तर ही सुन्नत आहे. त्यामुळे रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत अत्तराच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. कोणी अब्बांसाठी कुपी घेतो, कोणी अम्मीसाठी, कोणी बायकोसाठी. सुगंध कोणी दिला तर तो नाकारू नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. घेणारा नाही म्हणत नाही, म्हणून देणाऱ्याची जबाबदारी वाढते. न आवडलेले अत्तरही हसून घेतले जाते आणि वर्षभर कपाटात पडून राहते.

आवड विचारून कळत नाही. ‘कशाला उगाच खर्च?’ एवढेच उत्तर मिळते. मात्र घरात खुणा असतात. समजा, एका मुलीला निवृत्त वडिलांसाठी अत्तर घ्यायचे आहे. वडील आंघोळीला चंदनाचा साबण वापरतात, उन्हाळ्यात माठाच्या पाण्यात वाळा टाकायला लावतात आणि घरात उग्र उदबत्ती लावली की खिडकी उघडतात. कपाटातल्या जुन्या रिकाम्या कुपीला अजून मातीसारखा वास येतो. एवढ्यावरून दिशा ठरते. चंदन, खस किंवा मिट्टी चालेल. ऊद, शमामा आणि गोड कस्तुरीचे प्रकार टाळावेत. ईद उन्हाळ्याच्या तोंडावर येत असेल, तर ऋतूही याच बाजूचा असतो. हिना आणि शमामा उबदार असतात, ते थंडीत शोभतात.

दुकानात दुपारी, जोहरच्या नमाजनंतर जावे. इफ्तारनंतर बाजारात कबाबाचा धूर असतो आणि आपल्या बोटांनाही कांद्याचा वास असतो. अशा वेळी नाकाला नाजूक फरक कळत नाही. एका खेपेस तीनच अत्तरे पाहावीत: एक डाव्या मनगटावर, दुसरे उजव्या, तिसरे कोपराच्या आतल्या बाजूस. चौथ्यापासून नाक थकते आणि सगळेच सारखे वाटू लागते. लावल्याबरोबर येणारा वास हा कुपीचा खरा स्वभाव नव्हे. लगेच पैसे न देता दोन-तीन तासांनी पुन्हा वास घ्यावा. वडिलांच्या कुर्त्यावर जुम्याच्या नमाजपर्यंत टिकणार आहे तो हाच वास.

तरीही ही परीक्षा अर्धीच असते. एकच अत्तर दोघांच्या अंगावर वेगळे उमलते. म्हणून एक तोळ्याची, म्हणजे साधारण बारा ग्रॅमची, मोठी कुपी घेण्याऐवजी तीन-तीन मिलिलीटरच्या तीन कुप्या घ्याव्यात. या मुलीने चंदन, खस आणि मिट्टी अशा तीन कुप्या दिल्या, तर महिन्याभरात कोणती आधी संपते ते दिसेल. पुढच्या ईदला मोठी कुपी त्याचीच. रंगाचेही पाहावे. खसाला हिरवट छटा असते, ऊद आणि हिना गडद असतात. पांढऱ्या सुती चिंधीवर एक थेंब टाकून तो वाळू द्यावा. डाग राहिला तर ते अत्तर कुर्त्यावर न लावता कापसाच्या फायावर घेऊन कानाच्या पाळीत ठेवायला सांगावे.

शुद्धतेच्या नावाखाली होणारी फसवणूक वेगळीच. कनौजच्या जुन्या पद्धतीत तांब्याच्या देगात फुले आणि पाणी तापवतात आणि ती वाफ भपक्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवतात. त्या फुलांची आणि चंदनाची किंमत पाहता शंभर-दोनशे रुपयांत ‘असली गुलाब’ किंवा ‘असली ऊद’ मिळणे शक्य नाही. स्वस्त कुपीत कृत्रिम सुगंध आणि बिनवासाचे पातळ तेल असते. ते वाईटच असते असे नाही, पुष्कळांना तेच आवडते. पण कृत्रिमासाठी असलीचे दाम मोजू नयेत.

पती-पत्नीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ते अत्तर एकजण लावतो, पण त्याचा वास दोघांनाही दिवसभर सोसायचा असतो. त्यामुळे आपल्याला आवडणारा वास जोडीदाराच्या अंगावर लादण्याचा मोह होतो. बायको मोगऱ्याचा गजरा हौसेने माळत असेल, तर तिला मोगराच द्यावा, नवऱ्याला ऊद कितीही प्रिय असला तरी. घरात कोणाला दमा असेल किंवा वासाने डोके दुखत असेल, तर अत्तराचा हट्ट धरू नये. वय वाढले की घ्राणशक्ती मंदावते आणि वडीलधारी माणसे नकळत जास्त अत्तर लावतात. त्यांच्यासाठी मुळातच सौम्य प्रकार निवडावा. मग थेंब जास्त पडला तरी मशिदीतल्या सफेत शेजारी उभ्या असलेल्याला त्रास होणार नाही.